भिंतीतल्या लाकडातून किती उष्णता जाते?

न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोच्या उपनगरात घर घेतलेल्या मराठी माणसाला एक गोष्ट लवकरच लक्षात येते. भिंतीवर टकटक केली की पोकळ आवाज येतो. देवघराची फळी ठोकायची तर आवाज कुठे भरीव होतो ते आधी शोधावे लागते, कारण खिळा तिथेच धरतो. साधारण दर सोळा इंचांवर ती भरीव जागा सापडते. तिथे प्लास्टरबोर्डच्या मागे लाकडाचा उभा स्टड असतो. नावाला 'टू बाय फोर', प्रत्यक्षात ३८ मिलिमीटर रुंद आणि ८९ मिलिमीटर खोल. दोन स्टडमधल्या पोकळीत ग्लासवूलची गादी भरलेली असते, आणि तिच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत 'आर-१३' असे छापलेले असते.

हा आकडा उष्णतारोधाचा आहे. उष्णतेला जाऊ न देण्याची ताकद जितकी जास्त, तितका तो मोठा. अमेरिकी एककातला हा आकडा ५.६८ ने भागला की मेट्रिक एककात (वर्गमीटर-केल्विन प्रति वॅट) सुमारे २.३ मिळतो. पण हा रोध गादीचा आहे, भिंतीचा नाही. भिंतीत गादीखेरीज लाकूडही आहे, आणि ते आतल्या प्लास्टरबोर्डपासून बाहेरच्या फळकुटापर्यंत सलग पोचते. तेवढ्या जागी इन्सुलेशन नसतेच. म्हणजे गादीला वळसा घालून थंडीपर्यंत पोचणारा एक पूल आपण स्वतःच बांधून ठेवलेला असतो.

हा पूल किती उष्णता नेतो, याचा हिशेब शाळेत शिकलेल्या विद्युत रोधांच्या जोडणीने करता येतो. विद्युतदाबाच्या जागी तापमानातला फरक, विद्युतधारेच्या जागी उष्णतेचा ओघ. एकामागून एक येणारे थर एकसर जोडणीत, त्यांच्या रोधांची सरळ बेरीज. शेजारीशेजारी असणारे लाकूड आणि ग्लासवूल समांतर जोडणीत. थराचा रोध काढायचा तर जाडीला पदार्थाच्या उष्णता वाहकतेने भागायचे. लाकडाची वाहकता सुमारे ०.१२, म्हणून ०.०८९ भागिले ०.१२, म्हणजे ०.७४. त्याच जाडीच्या गादीचे २.३, म्हणजे लाकडाच्या तिप्पट.

आता एक खरी वाटेल अशी भिंत घेऊ. पाच मीटर लांब, २.४ मीटर उंच, एकूण १२ चौरस मीटर. आत २० अंश, बाहेर उणे १०. लाकूड आणि ग्लासवूलच्या मधल्या थराशिवाय भिंतीत काय काय आहे? खोलीतल्या हवेचा भिंतीला चिकटलेला पातळ थर ०.१२, प्लास्टरबोर्ड ०.०८, बाहेरचे लाकडी चुऱ्याचे फळकूट ०.११, त्यावरचे व्हिनाइलचे आवरण ०.११, आणि बाहेरच्या वाऱ्यातला हवेचा थर ०.०३. बेरीज ०.४५.

स्टड नसतेच, तर भिंतीचा रोध २.३ अधिक ०.४५, म्हणजे २.७५ झाला असता. क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक, भागिले रोध: १२ गुणिले ३० भागिले २.७५, म्हणजे १३१ वॅट. वेष्टनावरचा आकडा पाहून ग्राहक मनात धरतो तो हिशेब हाच.

लाकूड किती आहे, हे ठरवतानाच पहिली चूक होते. ३८ मिलिमीटरचा स्टड दर ४०६ मिलिमीटरला, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास, असे कागदावर दिसते. पण भिंतीत नुसते स्टड नसतात. तळाशी आडवी पट्टी, डोक्यावर दुहेरी पट्टी, खिडकीवरची जाड तुळई, खिडकीच्या दोन्ही बाजूंना जोडस्टड, कोपऱ्यात तीन-तीन स्टड एकत्र. या सगळ्यांसह सोळा इंची भिंतीत लाकडाचा वाटा सुमारे २५ टक्के धरावा, असे अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेची, म्हणजे 'ॲश्रे'ची हस्तपुस्तिका सांगते. आपल्या भिंतीत ३ चौरस मीटर लाकूड, ९ चौरस मीटर गादी.

यानंतरची चूक अधिक लबाड आहे. २.३ चे पाऊण आणि ०.७४ चा पाव घेऊन सरासरी काढली, तर १.९१ येते. वरचे ०.४५ मिळवले की २.३६, आणि ओघ अवघा १५३ वॅट. दिसायला नीटनेटके, पण चुकीचे. समांतर जोडणीत रोधांची सरासरी चालत नाही. तिथे वाहून नेण्याची क्षमता बेरजेला येते, म्हणजे रोधाचा व्यस्तांक. सोपी वाट थोडीच असली तरी ओघ तिकडे जास्त वळतो, आणि रोधांची सरासरी नेमके हेच झाकते.

योग्य हिशेबाचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात खोलीपासून बाहेरपर्यंत दोन स्वतंत्र वाटा मानतात. गादीच्या वाटेचा रोध २.७५, लाकडाच्या वाटेचा ०.७४ अधिक ०.४५, म्हणजे १.१९.

९/२.७५ + ३/१.१९ = ३.२७ + २.५२ = ५.७९ वॅट प्रति अंश

याला ३० ने गुणले की १७४ वॅट. १२ ला ५.७९ ने भागले की भिंतीचा परिणामी रोध २.०७. भिंतीतले लाकूड पाव, पण उष्णतेचा वाटा जवळजवळ ४४ टक्के.

दुसऱ्या मार्गात प्रत्येक थर वेगळा घेतात. मधल्या थरातच लाकूड आणि गादी समांतर जोडायची, आणि मिळालेला एकच रोध बाकीच्या थरांशी एकसर जोडायचा.

९/२.३ + ३/०.७४ = ३.९१ + ४.०५ = ७.९६ वॅट प्रति अंश

यावरून मधल्या थराचा रोध १.५१ आणि पूर्ण भिंतीचा १.९६. ओघ १८४ वॅट. भिंत तीच, पदार्थ तेच, नियमही तेच, पण जोडणी कशी काढली यावरून दहा वॅटचा फरक पडला. मग खरे कोणते?

दोन्ही नाही. पहिल्या चित्रात आपण गृहीत धरतो की उष्णता आडवी सरकतच नाही. जणू स्टडच्या दोन्ही कडांना आरपार पडदे लावले आहेत. खऱ्या भिंतीत प्लास्टरबोर्डमधली थोडी उष्णता बाजूला सरकून स्टडकडे येते, म्हणून खरा ओघ १७४ पेक्षा जास्तच असणार. दुसऱ्या चित्रात उलट गृहीत धरतो, की प्रत्येक थराच्या सीमेवर उष्णतेला आडवे सरकायला काहीच अडथळा नाही. प्लास्टरबोर्ड काही तांब्याचा पत्रा नव्हे, म्हणून खरा ओघ १८४ पेक्षा कमीच असणार. उत्तर या दोन भिंतींच्या मध्ये कुठेतरी. आयएसओ ६९४६ हे आंतरराष्ट्रीय मानक दोन्ही रोधांची सरासरी घ्यायला सांगते. म्हणजे सुमारे २.०१, आणि ओघ १७९ वॅट. या सरासरीला हरकत नाही, कारण ती दोन वेगवेगळ्या पदार्थांची नसून एकाच भिंतीच्या खालच्या आणि वरच्या मर्यादेची आहे.

या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ती आपला भरवसा किती धरावा हे स्वतःच सांगते. दोन उत्तरांतले अंतर हाच तिचा इशारा. लाकडात ते सहा टक्क्यांचे आहे, म्हणजे निश्चिंत राहावे. आता लाकडाच्या जागी एक मिलिमीटर पत्र्याचा पोलादी स्टड घ्या, दर ४०० मिलिमीटरला. क्षेत्रफळात पोलादाचा वाटा पाव टक्का. पहिला मार्ग म्हणतो की रोध २.७२, म्हणजे पोलाद जणू नाहीच. दुसरा म्हणतो १.०४. अडीचपटीहून जास्त फरक! आयएसओच्या मानकानुसार दोन रोधांचे गुणोत्तर दीडच्या पुढे गेले, किंवा इन्सुलेशनमधून धातू आरपार जात असला, की ही सोपी पद्धत वापरायचीच नाही. कारण स्टडची रुंद पाती प्लास्टरबोर्डच्या मोठ्या भागातून उष्णता गोळा करून पातळ पत्र्याकडे लोटतात. तिथे संगणकावर दुमितीय गणित करावे लागते किंवा प्रयोगावर आधारलेले तक्ते पाहावे लागतात. ॲश्रेच्या ९०.१ या मानकातल्या तक्त्यानुसार अशा पोलादी चौकटीत आर-१३ ची गादी आर-६ एवढेच काम करते. निम्म्याहून कमी.

लाकडी भिंतीत हा पूल डोळ्यांनाही दिसतो. लाकडाच्या वाटेतून दर चौरस मीटरला सुमारे २५ वॅट जातात, गादीतून ११. त्यामुळे खोलीच्या बाजूने स्टडसमोरचा रंग १७ अंशांवर असतो, तर गादीसमोरचा १८.७. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात हिवाळ्यात भिंतीवर उभे पट्टे दिसतात ते यामुळेच. काही घरांत कॅमेराही लागत नाही. थंड पट्ट्यांवर धूळ आणि मेणबत्तीची काजळी जास्त बसते, आणि काही वर्षांनी स्टडची रांग पांढऱ्या भिंतीवर राखाडी रेघांनी उमटते. लोक रंगाऱ्याला दोष देतात.

उपाय हिशेबातच दडलेला आहे. समजा आपल्याकडे ०.८८ एवढा जादा रोध आहे, म्हणजे एक इंची फोमच्या पाटीएवढा. तो स्टडच्या मधल्या पोकळीतच जास्त चांगल्या गादीच्या रूपाने घातला, तर पहिल्या मार्गाने ओघ १७४ वरून १५० वॅटवर येतो, कारण लाकडाची वाट जशीच्या तशी राहते. तीच पाटी बाहेरून सलग लावली, तर ती दोन्ही वाटांना एकसर जोडली जाते. लाकडाची वाट १.१९ वरून २.०७ होते, गादीची ३.६३. ओघ उतरतो ११८ वॅटवर. दुसऱ्या मार्गाने हेच आकडे १६४ आणि १२७ येतात. माल तेवढाच, पण पुलाच्या मधे न घालता पुलाच्या टोकावर घातला की फायदा दुपटीहून जास्त होतो.

या सगळ्यात वारा, ओल आणि दबलेली गादी धरलेली नाही. वीजपेटीभोवती गादी कोंबून बसवली, फळकुटांच्या सांध्यांतून हवा शिरली, तर प्रत्यक्ष ओघ यापेक्षा वाढतो. आणि हिशेब स्थिर तापमानाचा आहे, दिवसरात्रीच्या चढउताराचा नाही.

वेष्टनावरचे १३१ आणि भिंतीतले १७९ यांत ४८ वॅटचा फरक आहे. चोवीस तासांत तो एका युनिटहून थोडा जास्त होतो, आणि तोही एकाच भिंतीतून. म्हणून घर घेताना किंवा डागडुजी करून घेताना कंत्राटदाराने गादीचा आर-आकडा सांगितला, तर त्याला पूर्ण भिंतीचा परिणामी रोध विचारा, आणि त्यात लाकूड किती टक्के धरले आहे तेही.