होस्टेलचा फॉर्म भरताना : पालक, आजार आणि लोकल गार्डियनचे रकाने नीट भरा

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचे पालक फॉर्म घेऊन येतात. कॉलेजचा फॉर्म सायबर कॅफेवाला भरून देतो. होस्टेलचा फॉर्म मात्र घरीच, घाईघाईत, शेवटच्या दिवशी भरला जातो. मार्कांचे रकाने सगळे काळजीने भरतात आणि पालक, आजार, लोकल गार्डियन हे रकाने "काहीतरी लिहून टाका" म्हणून उरकतात. रेक्टरच्या कपाटातून तो फॉर्म पुन्हा बाहेर निघतो तो मुलगी रात्री आजारी पडली तरच. तेव्हा हेच तीन रकाने वाचले जातात.

गेल्या वर्षी आमच्या भागातली एक मुलगी अकरावी सायन्ससाठी पुण्याला निघाली. वय 16. अब्बा कुवेतला नोकरीला, अम्मी आणि दादा-दादी गावी. फॉर्म भरून झाल्यावर अम्मी मला दाखवायला आल्या. "मॅडम, एकदा नजर टाका ना," म्हणाल्या. तीनही रकान्यांत चुका होत्या. त्या आपल्या बहुतेक घरांत होतात, म्हणून एकेक करून सांगते.

पहिला रकाना पालकांचा. तिथे अब्बांचे नाव होते आणि त्यांचा भारतातला जुना मोबाइल नंबर. का, तर ऑनलाइन फॉर्म दहा आकडी नंबरच घेत होता आणि कुवेतचा नंबर आठ आकडी असतो. तो जुना नंबर वर्षातून एकदा, अब्बा सुट्टीवर आले की चालू व्हायचा. म्हणजे होस्टेलने फोन केला असता तर "स्विच ऑफ" ऐकू आले असते. आता लक्षात घ्या, वडिलांचे नाव वडिलांच्या रकान्यात येणारच, त्यात बदल नाही. पण "पालक" किंवा "संपर्कासाठी व्यक्ती" असा वेगळा रकाना असतो. तिथे फोन उचलणारी, निर्णय घेणारी आणि बस पकडून येऊ शकणारी व्यक्ती लिहायची. या घरात ती अम्मी होती. आम्ही अम्मींचे नाव, त्यांचा रोजचा नंबर आणि दुसरा म्हणून दादांचा नंबर लिहिला. कुवेतचा नंबर कागदी प्रतीवर +965 लावून लिहिला आणि पुढे "भारतापेक्षा अडीच तास मागे, रात्रपाळी असते, आधी मेसेज करावा" एवढे जोडले.

वडील हयात नसतील तर काही घरांत चाचांचे किंवा मामूंचे नाव पालक म्हणून टाकतात. मुलगी आईजवळ वाढत असेल तर आईचेच नाव टाका. चाचा फी भरत असतील तर त्यांच्यासाठी बहुधा वेगळा रकाना असतो, नसेल तर सोबत साधे पत्र जोडा. होस्टेलला हवी असते ती रोजची जबाबदारी घेणारी व्यक्ती.

नावाचे स्पेलिंगही इथेच बिघडते. मुलीचे नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आणि पालकांचे नाव त्यांच्या आधार कार्डाप्रमाणे लिहा. आपल्याकडे एकाच घरात Shaikh आणि Sheikh दोन्ही सापडतात. अम्मींच्या आधारवर माहेरचे नाव आणि मार्कशीटवर नुसते पहिले नाव असेही असते. सुट्टीत मुलीला न्यायला गेल्यावर गेटवर ओळखपत्र आणि फॉर्म ताडून पाहतात. नाव जुळले नाही तर आईलाच "तुम्ही कोण" विचारले जाते. फरक असेल तर फॉर्मसोबत दोन ओळींचे पत्र द्या की ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, आणि होस्टेलने मागितले तर त्याचे प्रतिज्ञापत्र करून द्या.

दुसरा रकाना आजारपणाचा. अम्मींनी सगळीकडे "नाही" लिहिले होते. मी सहज विचारले, "पावसाळ्यात हिला धाप लागायची, आता कशी आहे?" अम्मी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "दमा लिहिला तर प्रवेश देतील का? आणि उद्या स्थळ बघताना कुणी काढले तर?"

ही भीती मी दरवर्षी ऐकते. म्हणून सरळ बोलते. दमा, फिट येणे, साखर, थॅलेसेमिया हे लपवले की रेक्टर सगळ्यांसारखीच वागणूक देते, आणि धोका तिथेच असतो. फिट येणाऱ्या मुलीला वरचा पलंग मिळतो. दम्याच्या मुलीचा इन्हेलर इतर औषधांसोबत ऑफिसच्या कपाटात बंद होतो आणि चावी दुसऱ्या इमारतीत असते. लिहिले असेल तर खालचा पलंग मागता येतो, इन्हेलर मुलीजवळ ठेवण्याची परवानगी घेता येते. बातमी पसरण्याची काळजी असेल तर रकान्यात "माहिती सोबतच्या बंद पाकिटात" असे लिहून डॉक्टरांचे पत्र रेक्टरच्या हातात द्या. पण रकाना "नाही" म्हणून भरू नका.

कसे लिहायचे? नुसते "दमा" पुरत नाही. आम्ही तीन गोष्टी लिहिल्या. काय आहे : लहानपणापासून दमा, पावसात आणि धुळीने वाढतो. औषध कोणते : साल्ब्युटामॉल इन्हेलर, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे, कायम मुलीजवळ. कधी धावपळ करायची : इन्हेलर घेऊनही धाप कमी झाली नाही, बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसले तर वाट न पाहता हॉस्पिटल. रात्रीच्या ड्युटीवरच्या बाईंना याच शेवटच्या ओळीची गरज असते, कारण त्या डॉक्टर नसतात.

ॲलर्जीच्या रकान्यात अम्मींनी आधी "औषधाची" असे लिहिले होते. कोणत्या औषधाची? मग जुनी फाइल काढली. को-ट्रायमोक्साझोलच्या गोळीने अंगभर गांधी उठल्या होत्या आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर सल्फाची ॲलर्जी लिहिली होती. आम्ही तेच नाव आणि काय झाले होते ते लिहिले. नाव आठवत नसेल तर ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडून लिहून आणा, अंदाजाने टाकू नका. रक्तगटही लॅबच्या रिपोर्टवरूनच. "अब्बांचा बी पॉझिटिव्ह आहे, हिचाही तोच असेल" हे चालत नाही, मुलांचा गट आई-वडिलांपेक्षा वेगळा असू शकतो.

रोज गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळा लिहा. रमजानात सेहरी-इफ्तारप्रमाणे वेळा बदलणार असतील, किंवा डॉक्टरांनी रोजा ठेवू नये असे सांगितले असेल, तर ते आधीच डॉक्टरांकडून लिहून घेऊन फॉर्मला जोडा. मुलीला मग कुणाला समजावत बसावे लागत नाही.

तिसरा रकाना लोकल गार्डियनचा. इथे मुंब्र्याच्या चाचांचे नाव होते. चाचा जवळचे खरे, पण मुंब्र्याहून पुण्याला रात्री यायला तीन-चार तास लागतात. लोकल म्हणजे त्याच शहरातला. कोंढव्याला मुलीचे सख्खे मामू राहतात, पण त्यांचे नाव टाकले नव्हते, कारण "त्यांना त्रास कशाला".

लोकल गार्डियन काय काम करतो ते आधी समजून घ्या. पालक पोहोचेपर्यंत तो हॉस्पिटलमध्ये थांबतो. कांजिण्या किंवा डोळे आले तर होस्टेल मुलीला काही दिवस बाहेर पाठवते, तेव्हा ती त्याच्या घरी राहते. सुट्टीच्या पासवर त्याची सही चालते. म्हणून मामूंना विचाराच, आणि मुमानींनाही विचारा, कारण घर त्यांचे आहे. आमच्या अम्मींनी माझ्यासमोरच फोन लावला. मुमानी म्हणाल्या, "यात विचारायचे काय आपा, पोरगी आमचीच आहे." पण त्यांनी हेही सांगितले की मामूंची महिन्यातून आठवडाभर फिरतीची ड्यूटी असते. मग मामूंसोबत मुमानींचाही नंबर लिहिला. न विचारता नाव टाकले असते तर हे कळलेच नसते.

नाते स्पष्ट लिहा. "अंकल" किंवा "भाऊ" लिहिले की गेटवर शंका येते, आणि मुलींच्या होस्टेलमध्ये ती यायलाच हवी. "आईचा सख्खा भाऊ" असे लिहा. चुलतभाऊ असेल तर चुलतभाऊच लिहा. बहुतेक होस्टेल लोकल गार्डियनचा फोटो, आधारची प्रत आणि नमुना सही मागतात. ही सही त्यांचीच हवी. घरी बसून दुसऱ्याने केली तर पुढे पासवरची खरी सही जुळत नाही आणि मुलगी ईदच्या आदल्या दिवशी गेटवर अडकते.

शहरात कुणीच नसेल तर एजंट "माझे नाव टाका" म्हणतो, ते करू नका. अनोळखी माणसाला मुलगी बाहेर नेण्याचा अधिकार आपण सहीने देत असतो. वर्गमैत्रिणीचे स्थानिक आई-वडील किंवा ओळखीच्या शिक्षिका तयार आहेत का ते विचारा. तेही नसेल तर रेक्टरला भेटून तसे सांगा आणि पालकांचाच नंबर ठेवता येतो का विचारा.

लोकल गार्डियनचा अधिकार कुठे संपतो, तेही माहीत असू द्या. 18 वर्षांखालील मुलीच्या ऑपरेशनची संमती हॉस्पिटल आई-वडिलांकडून मागते. मामू म्हणजे कायद्याने पालक नव्हेत. जीव धोक्यात असेल आणि संमती देणारे कुणी हजर नसेल तर डॉक्टर थांबत नाहीत, पण बाकी वेळी खोळंबा होतो. म्हणून अम्मींनी सही केलेले एक पत्र दिले : आम्ही पोहोचेपर्यंत माझ्या भावाला मुलीला दाखल करण्याचा आणि प्राथमिक उपचार सुरू करून घेण्याचा अधिकार आहे, मोठ्या निर्णयासाठी मला फोन करावा. एक प्रत होस्टेलला, एक मामूंकडे. मुलगी 18 पूर्ण झाली की संमती तिची स्वतःची लागते.

फॉर्म दिल्यावर त्याची झेरॉक्स घरी ठेवा आणि एक मामूंना द्या. त्या अम्मींनी तर आठवड्याभराने रात्री अकराला फॉर्मवरचे चारही नंबर लावून पाहिले. दादांचा उचलला गेला नाही, फोन सायलेंटवर होता. दुसऱ्याच दिवशी रेक्टरला अर्ज देऊन तो नंबर बदलला.