रॅकवरचा माल आणि कागदावरचा माल

किराणा, कपडे आणि घरगुती वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या साखळीत नफ्याचा आकडा ३१ मार्चच्या रात्री रॅकवर आणि गोदामात शिल्लक राहिलेल्या मालाच्या किमतीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. सुरुवातीचा साठा आणि वर्षभराची खरेदी यांच्या बेरजेतून ही शिल्लक वजा केली की विकलेल्या मालाची किंमत निघते. त्यामुळे शिल्लक एक लाखाने फुगवली, तर नफाही तेवढाच फुगतो. अशा साखळीच्या लेखापरीक्षणाचे नियोजन करताना लेखापरीक्षक तीन जोखमींचा विचार करतो, आणि त्यांचा अर्थ साठ्याच्या उदाहरणातून जितका स्पष्ट होतो तितका अन्य कोणत्याही खात्यातून होत नाही.

विवेचनासाठी बुलढाणा जिल्ह्यातील एक काल्पनिक साखळी घेऊ. खामगावला मध्यवर्ती गोदाम, तेथे तसेच शेगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, लोणार अशा ठिकाणी मिळून दहा दुकाने, वर्षाची विक्री ६० कोटी आणि करपूर्व नफा दीड कोटी, असे तिचे स्वरूप मानू. मोठ्या उलाढालीवर नफा असा चिंचोळा असणे हे किराणा व्यापाराचे लक्षणच आहे, आणि म्हणूनच साठ्यातील छोटी चूकही नफ्याच्या तुलनेत मोठी ठरते.

पहिली, अंतर्निहित जोखीम, म्हणजे कंपनीने काहीही तपासणी-व्यवस्था ठेवलेली नाही असे गृहीत धरले, तर त्या खात्यात मोठी चूक राहण्याची स्वाभाविक शक्यता. ती संपूर्ण कंपनीला एकच आकडा लावून ठरवता येत नाही. दर महिन्याला ठरलेल्या रकमेने जाणाऱ्या दुकानभाड्यात ती कमी असते, तर साठ्यात जास्त. कारणे उघड आहेत: हजारो लहान वस्तू, मुदत संपणारे खाद्यपदार्थ, विदर्भाच्या उन्हाळ्यात वितळणारे चॉकलेट, आणि खिशात सहज मावणारी सौंदर्यप्रसाधने. त्यात २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला, म्हणजे वर्षअखेरीच्या आदल्या दिवशी. सणासाठी मागवलेला माल ट्रकमध्ये, विकलेला माल बिलावर आणि परत आलेला माल काउंटरखाली, अशा स्थितीत कोणता व्यवहार कोणत्या वर्षाचा, हा प्रश्न अधिक अवघड होतो. पुरवठादारांच्या ‘स्कीमा’ही याच वर्गात मोडतात, कारण ठरावीक विक्री झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीची क्रेडिट नोट येण्यापूर्वीच ती उत्पन्नात धरण्याचा मोह होतो. ब्रिटनमधील टेस्को या साखळीने सप्टेंबर २०१४ मध्ये आपला अपेक्षित सहामाही नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी जास्त सांगितला गेल्याचे जाहीर केले, तेव्हा पुरवठादारांकडून येणारी रक्कम वेळेआधी आणि खर्च उशिरा धरणे हेच त्यामागचे कारण होते.

दुसरी, नियंत्रण जोखीम, म्हणजे अशी चूक कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थेला वेळेत रोखता किंवा पकडता न येण्याची शक्यता. व्यवस्था कागदावर असणे वेगळे आणि ती चालत असणे वेगळे. हा फरक ओळखण्यातच येथील खरे कौशल्य आहे. आपल्या साखळीचा नियम असा मानू, की दर महिन्याला प्रत्येक दुकानातील माल दुसऱ्या दुकानाच्या कर्मचाऱ्याने मोजावा. लेखापरीक्षकाने वर्षभरातील २५ मोजणी-पत्रके चाचणीसाठी काढली आणि त्यांपैकी चार पत्रकांवर त्याच दुकानाच्या व्यवस्थापकाचीच सही आढळली, तर नियम मोडला हे तर दिसतेच, पण तो कोठे मोडला हेही पाहावे लागते. चारही पत्रके शेगावचीच असतील आणि त्या व्यवस्थापकाचा बोनस ‘घट’ कमी दाखवण्यावर, म्हणजे पुस्तकी साठा आणि प्रत्यक्ष साठा यांतील तफावत कमी ठेवण्यावर, अवलंबून असेल, तर संपूर्ण साखळीसाठी ‘मध्यम’ असे मोजमाप लिहून मोकळे होणे चुकीचे ठरेल. वीज गेल्यावर हाताने फाडलेली आणि नंतर संगणकात भरलेली बिलेही अशाच ठिकाणी बघावी लागतात.

पहिल्या दोन्ही जोखमी कंपनीच्या असतात. लेखापरीक्षक त्या केवळ जोखतो, बदलू शकत नाही. तिसरी, शोध जोखीम, मात्र त्याची स्वतःची असते: खात्यात असलेली मोठी चूक त्याच्या तपासणीतूनही निसटण्याची शक्यता. पाठ्यपुस्तकांत या तिघींचा गुणाकार मांडतात. चुकीच्या हिशेबावर योग्य म्हणून अभिप्राय देण्याची एकूण शक्यता पाच टक्क्यांपर्यंतच सोसायची, असे ठरवले, आणि साठ्याची अंतर्निहित जोखीम ८० टक्के व नियंत्रण जोखीम ५० टक्के धरली, तर ५ ला (०.८ × ०.५) ने भागून शोध जोखमीला साडेबारा टक्के जागा उरते. शेगावमध्ये नियंत्रणावर विसंबताच येत नाही असे ठरले, म्हणजे तेथील नियंत्रण जोखीम १०० टक्के धरली, तर ही जागा सव्वासहा टक्क्यांवर येते. हे आकडे मोजमापाचे नाहीत, दिशेचे आहेत. ८० टक्के हा आकडा कोणत्याही यंत्राने दिलेला नसून अनुभवी माणसाच्या निर्णयाला दिलेले अंकरूप आहे, आणि त्याला दशांशाची अचूकता चिकटवणे ही फसवणूकच म्हणावी लागेल. भारतातील लेखापरीक्षण मानकेही आकड्यांची सक्ती करत नाहीत.

जागा अर्धी झाली म्हणजे तपासणीचे स्वरूप, वेळ आणि व्याप्ती हे तिन्ही बदलतात. चिखलीच्या दुकानात नियंत्रण नीट चालत असेल, तर फेब्रुवारीत मोजणी बघून त्यापुढील खरेदी-विक्रीचा हिशेब जोडून ३१ मार्चपर्यंत पोहोचता येते. शेगावला मात्र वर्षअखेरीच्याच रात्री, अनुभवी माणसासह उभे राहावे लागते. तेथे यादीतील वस्तू रॅकवर शोधल्या की नसलेला माल लिहिला आहे का हे कळते, आणि रॅकवरची वस्तू यादीत शोधली की असलेला माल राहिला आहे का हे कळते. एकाच दिशेची तपासणी अर्धीच राहते. शिवाय अखेरच्या दिवसांतील माल-पोच पावत्यांचे क्रमांक टिपून घेतले, तर एप्रिलमध्ये पुस्तकात शिरलेला मार्चचा माल ओळखता येतो.

चुकीचा सुगावा अनेकदा मोजणीपूर्वीच लागतो. सहा कोटींची विक्री असलेल्या शेगाव दुकानाचा ढोबळ नफा १७ टक्के आणि तशाच मालाची विक्री करणाऱ्या इतर दुकानांचा १४ टक्के दिसला, तर तीन टक्क्यांचा फरक १८ लाखांचा होतो. तो प्रामाणिक कारणाने असू शकतो, उदाहरणार्थ यात्रेकरूंना जास्त नफ्याच्या वस्तू विकल्या गेल्याने. पण तसे असेल तर वस्तूनिहाय विक्रीत ते दिसले पाहिजे, आणि दिसले नाही तर साठा फुगवल्याचा संशय घ्यावाच लागतो. अशी तीन दुकाने असतील, तर ५४ लाख म्हणजे साखळीच्या दीड कोटी नफ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग हवेत असतो.

उलट बाजूने, दोन्ही जोखमी कितीही कमी आढळल्या तरी तपासणी शून्यावर आणण्याची मुभा नाही. मोठ्या रकमेच्या प्रत्येक खात्यावर प्रत्यक्ष पडताळणी करावीच लागते असे मानक ३३० सांगते, आणि साठा मोठा असेल तर, ते अशक्य असल्याखेरीज, त्याच्या मोजणीला हजर राहणे मानक ५०१ नुसार आवश्यक आहे. म्हणून उत्तम शिस्तीच्या साखळीतही लेखापरीक्षकाचा माणूस हातात यादी घेऊन गोदामात उभा राहतोच.