रोजचे दहा शब्द

गोखिवऱ्यातल्या घरी मी रोज पन्नास मिनिटं जर्मन शिकतो: वीस मिनिटं शब्द, वीस ऐकणं, दहा बोलणं. मॅक्स म्युलर भवनच्या बी-१ परीक्षेची शब्दसूची सुमारे 2,400 शब्दांची. रोज दहा शब्द घेतले, की 240 दिवसांत सूची संपते. हिशेब सोपा वाटतो, पण खरा भार उजळणीचा असतो.

प्रत्येक शब्द कार्डावर लिहायचा आणि 1, 3, 7, 15, 30, 60 दिवसांच्या अंतरानं पुन्हा विचारायचा. चौथ्या महिन्यापासून रोज दहा नव्या शब्दांसोबत साठ जुने समोर येतात. कार्डामागे दहा सेकंद धरले, तर दहा मिनिटं. सगळी सूची सहा वेळा फिरवायची म्हणजे 14,400 वेळा आठवायचं, आणि चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर जातं ते वेगळंच. गणपतीत तीन दिवस खाडा झाला की चौथ्या दिवशी सुमारे 200 कार्डं! अशा वेळी ढीग उतरेपर्यंत नवा शब्द घ्यायचा नाही. एरवीही दहांपैकी दोनाहून जास्त चुकू लागले, तर मी नवे शब्द पाचावर आणतो.

नाम लिंगासकट लिहावं लागतं. आपण तो चमचा, तो काटा, ती सुरी म्हणतो. जर्मनमध्ये चमचा 'डेर', काटा 'डी' आणि सुरी 'दास', म्हणजे नपुंसकलिंगी. मराठीच्या भरवशावर राहिलो की तिथेच घसरतो.

ऐकताना आकडे अधिक बोचतात. डॉइच वेलेच्या हळू वाचलेल्या बातम्यांतला तीन मिनिटांचा तुकडा सुमारे तीनशे शब्दांचा धरू. ऐंशी टक्के शब्द येत असले, तरी साठ अडतात आणि धागा तुटतो. 98 टक्क्यांवर फक्त सहा अडतात, तेव्हा अर्थ अंदाजानं लागतो. म्हणून तोच तुकडा तीनदा ऐकतो: आधी नुसता, मग मजकूर समोर ठेवून, शेवटी पुन्हा नुसता. हे वसई रोडहून सुटलेल्या लोकलमध्ये उभ्या उभ्याही जमतं. बोलणं मात्र घरी.

लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात (1908–1914) पुस्तकांवरून जर्मन शिकले. त्यांना ग्रंथ वाचायचे होते. बोलायचं असेल तर जीभ वेगळी कामाला लावावी लागते. मी रात्री कालचा दिवस जर्मनमध्ये सांगतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि एका मिनिटातले शब्द मोजतो. पहिल्या महिन्यात चौदा होते. जिथे अडखळलो, तो शब्द दुसऱ्या दिवशीच्या दहांत पहिला.

बी-१ पर्यंत पोचायला 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात, असं मॅक्स म्युलर भवन सांगतं. 240 दिवसांत माझे 200 तास, म्हणजे सुमारे 267 तासिका होतात. सूची संपेल तेव्हा परीक्षा लांबच असेल. 650 तासिका गाठायला 585 दिवस, साधारण एकोणीस महिने.