लांब निरोप, पण एका नजरेत

गणेशोत्सवाच्या तयारीचा आढावा ग्रुपवर बहुधा असा येतो : "मंडपवाल्याशी बोलणं झालंय, परवानगीचं बघतोय, हॉलची आगाऊ रक्कम लवकरच भरू." अध्यक्ष तो दुकानात गिऱ्हाईक सांभाळत वाचतात. आपण काय करायचंय, हे त्यांना कळतच नाही.

व्हॉट्सअॅप लांब निरोप मध्येच कापून दाखवतं. म्हणून वाचणाऱ्याकडून जे हवं, ते पहिल्याच ओळीत लिहा. मग अडलेली कामं, झालेली सगळ्यात शेवटी.

अध्यक्षांची सही हवी : परवानगीचा अर्ज, १८ ऑगस्टपर्यंत
- हॉलची आगाऊ रक्कम बाकी : खजिनदार, २० ऑगस्ट
- मंडपाचा दर ठरला, लेखी करार बाकी : सचिव, २२ ऑगस्ट
- मूर्ती सांगून झाली

ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ देऊन एक जागा सोडली, की तिथे ठिपका आपोआप येतो. कामापुढे एकच माणूस लिहा. "समिती बघेल" म्हणजे कुणीच बघत नाही. तारीख हुकली तर गुपचूप बदलू नका. "२० ऐवजी २५, वर्गणी अजून जमली नाही" असं कारणासकट लिहा, म्हणजे वर्गणीसाठी फोन करायचे हे अध्यक्षांना कळतं.

दोन मंडपवाल्यांतला कोणता घ्यावा, हे मात्र ठिपक्यांत मावत नाही. ते खाली दोन-तीन सरळ वाक्यांत सांगा.