केस धरावेत, पण ओढू नयेत

केस बांधल्याने त्यांना दोन निराळ्या जागी इजा होते. रबर किंवा क्लिप जिथे बसते तिथे केस घासला जातो, झिजतो आणि अधेमधेच तुटतो. ही झाली केसाच्या दांड्याची इजा. दुसरी मुळाची. घट्ट बांधलेला केस तासन्‌तास ताणलेला राहिला की त्याचे टाळूतले मूळ दुखावते आणि काही काळाने केस मुळासकट निघतो. पिना, रबर किंवा स्क्रंची घेताना या दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो, कारण एक टाळणारी वस्तू दुसरी टाळेलच असे नाही. मऊ मखमली स्क्रंचीनेही केस कचकचून बांधले तर मुळावरचा ताण तेवढाच राहतो.

केसाचा बाहेरचा थर अगदी बारीक, पारदर्शक खवल्यांचा असतो. छपरावर कौले एकावर एक चढवलेली असतात तसे हे खवले बसलेले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाच्या दिशेला असतात. एक लांब केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे सरकवली तर तो गुळगुळीत लागतो, उलट सरकवली की किंचित खरखरीत. एखादी खरबरीत किंवा चिकट वस्तू रोज एकाच जागी घासली गेली तर हे खवले उचकटतात, आतला तंतू उघडा पडतो आणि त्याच जागी केस तुटतो. ओल्या केसात पाणी शिरलेले असते. तो फुगतो, जास्त ताणला जातो आणि कमी जोराने तुटतो. न्हाऊन आल्याबरोबर घट्ट पोनीटेल किंवा अंबाडा बांधणे म्हणूनच नुकसानीचे असते. घाई असेल तर टॉवेलने पाणी टिपून केस मानेपाशी सैल गुंडाळावेत आणि मोठ्या क्लचरने नुसते अडकवून ठेवावेत.

पकड कशाने बसते हे कळले की निवड सोपी होते. बांधलेले केस घसरत नाहीत ते दाब आणि घर्षण यांमुळे. दाब दोऱ्याएवढ्या अरुंद पट्टीवर एकवटला तर केस तिथे दबून कापल्यासारखा होतो. तोच दाब बोटभर रुंदीवर पसरला तर पकड राहते आणि प्रत्येक केसावरचा भार हलका होतो. पुडक्यांना लावायचे बारीक पिवळे रबर केसांना सर्वांत वाईट ठरते ते याच कारणाने. ते अरुंद असते, शिवाय उघडे रबर केसाला चिकटते. नैसर्गिक रबराला तेलही मानवत नाही. तेल लावलेल्या केसात ते फुगते, मऊ आणि चिकट होते. मग सोडताना केसांचा पुंजका घेऊनच निघते. असे रबर केसात गुंतलेच तर ओढू नये, कात्रीने रबरच कापून काढावे.

कापडाने मढवलेले रबर बँड यापेक्षा खूप बरे असतात, पण दुकानात ते घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे जोड. काही बँडची दोन टोके धातूच्या बारीक पत्रीने आवळलेली असतात आणि त्या पत्रीच्या फटीत केस अडकतात. बँड बोटांमधून पूर्ण गोल फिरवून पाहावा. कुठेही टोक, गाठ किंवा कडक डिंक लागला तर तो ठेवून द्यावा. दुसरी गोष्ट मापाची. तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण खरा फरक तिथेच पडतो.

समजा, एखाद्या बाईच्या पोनीटेलचा घेर बांधायच्या जागी 8 सेंटीमीटर आहे. हा घेर शिवणाच्या टेपने किंवा दोरी गुंडाळून सहज मोजता येतो. बँडचे दोन वेढे घ्यायचे तर त्याला 16 सेंटीमीटर अंतर पार करावे लागेल. टेबलावर चपटा ठेवल्यावर जो बँड 5 सेंटीमीटर लांब भरतो त्याचा पूर्ण घेर 10 सेंटीमीटर होतो. तो दीडपटीहून थोडा अधिक ताणला जाईल, म्हणजे धरेल पण आवळणार नाही. चपटा 3 सेंटीमीटर भरणाऱ्या लहान बँडचा घेर 6 सेंटीमीटर. त्याला अडीचपटीहून जास्त ताणावे लागेल आणि तो दिवसभर केसांना दाबत राहील. उलट बाजूने, 5 सेंटीमीटरचाच बँड घेऊन सवयीने तिसरा वेढा दिला तर अंतर 24 सेंटीमीटर होते आणि चांगला बँडही फास ठरतो. तेव्हा दोन वेढ्यांत ताण साधारण दीडपट ते पावणेदोनपट राहील असे माप निवडावे. बांधून झाल्यावर करंगळीचे टोक बँडखाली थोड्या प्रयत्नाने जायला हवे. बँड ढिला पडला म्हणून वेढे वाढवत नेणे चुकीचे आहे. ढिला बँड बदलायचाच असतो.

स्क्रंचीत लवचीक पट्टी कापडाच्या चुणीदार नळीत बसवलेली असते. अमेरिकेत रॉमी रेव्हसन यांना 1987 साली तिचे पेटंट मिळाले. तिचे गुण त्या चुणीत आहेत. कापड जास्त असल्यामुळे दाब रुंद भागावर पसरतो आणि रबर केसाला कधी शिवतच नाही. मात्र कापड पाहून घ्यावे. सॅटिन आणि रेशीम गुळगुळीत असते, केसांवर कमी घासते, म्हणून रात्री झोपताना सैल बांधायला ते उत्तम. पण सुळसुळीत, पातळ केसांतून सॅटिनची स्क्रंची दिवसा घसरून पडते आणि मग ती पुन्हा पुन्हा आवळली जाते. अशा केसांना मखमल किंवा साधे सुती कापड जास्त चांगले धरते. दाट, कुरळ्या केसांना सॅटिन चालते, कारण तिथे घर्षण मुळातच पुरेसे असते.

ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यातून घरीही चांगली स्क्रंची होते. साधारण 45 सेंटीमीटर लांब आणि 10 सेंटीमीटर रुंद पट्टी उलटी दुमडून नळी शिवावी, सुलटी करावी आणि आत 18 सेंटीमीटर इलॅस्टिक ओवावे. इलॅस्टिकची टोके गाठ मारण्याऐवजी एकावर एक ठेवून शिवली तर आत कडक गोळा राहत नाही. जर पोनीटेल फारच दाट असेल तर इलॅस्टिक दोन-तीन सेंटीमीटर वाढवावे, कापड तेवढेच ठेवले तरी चालते. ज्यांना रोज तेल लागते त्यांनी स्क्रंची आठवड्याला धुवावी, कारण तेलाने आणि धुळीने माखलेले कापड केसांवर बारीक खरकागदासारखे काम करते.

क्लचर म्हणजे दातांचा मोठा चिमटा. केसांना सर्वांत कमी त्रास देणाऱ्या वस्तूंत तो मोडतो, कारण तो केस आवळत नाही, पिळलेल्या गुंडाळीला बाहेरून मिठी मारतो. पण स्वस्त क्लचरमध्ये एक दोष हमखास असतो. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या दोन भागांच्या सांध्यावर बारीक धारदार रेघ उरते. दाताच्या कडेवरून हळूच नख फिरवले की ती जाणवते. रोज केस तिच्यावरून घासले गेले की तुटायला लागतात. ॲसिटेटचे क्लचर पत्र्यातून कापून घासून गुळगुळीत केलेले असतात, त्यामुळे ते महाग पडतात, पण बराच काळ टिकतात. स्प्रिंग उघडी असेल तर मानेवरचे बारीक केस तिच्यात गुंततात, म्हणून ती झाकलेली असलेली बरी. आकार निवडताना जबडा पूर्ण उघडून केसांची गुंडाळी आत मावते का ते पाहावे. कोंबून बसवलेला क्लचर दिवसभर दाबतो आणि शेवटी मोडतो. लावताना गुंडाळीबरोबर टाळूलगतचे थोडे केसही दातांत यावेत, नाहीतर सगळा भार वरच्या दोन-चार बटांवर लोंबतो. गाडीत डोके मागे टेकताना कडक क्लचर डोक्याला लागतो आणि हेल्मेटखाली तर तो नकोच. दुचाकीवर जाणाऱ्यांसाठी मानेवर सैल वेणी आणि मऊ बँड हाच योग्य मार्ग.

काळ्या साध्या पिनांत एक पाय सरळ आणि एक नागमोडी असतो. नागमोडी बाजू टाळूकडे ठेवली की पकड चांगली बसते आणि पिना कमी लागतात. टोकांवरचे गोलसर थेंब महत्त्वाचे. ते निघाले की उघडी तार टाळू खरवडते आणि केस कापते, म्हणून अशी पिन फेकून द्यावी. पिन दातांनी उघडण्याची सवय सोडावी. त्याने पिन कायमची ढिली होते आणि मग एकीच्या जागी तीन लावाव्या लागतात. अंबाड्यासाठी मात्र पिनांपेक्षा यू आकाराचे आकडे जास्त भले, कारण ते केस चिमटत नाहीत. आकडा अंबाड्याच्या कडेला उभा धरून थोडे केस उचलायचे, मग उलटा फिरवून अंबाड्याच्या मध्याकडे सरकवायचा. चारही बाजूंनी एकेक असा बसवला की गुडघ्यापर्यंत पोचणाऱ्या केसांचा अंबाडाही राहतो. टिकटॅक पिना लहान मुलींच्या पुढच्या बटांपुरत्या ठीक. त्यांचा रंग उडाला की पत्र्याची कड उघडी पडते. कडक हेअरबँड कानामागे रुतत असेल तर तासाभरात डोके दुखू लागते. तो वाकवून बसवायच्या नादी न लागता दुसरा घ्यावा.

इजा होते आहे हे केसच सांगतात. कंगव्यात आलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आपोआप गळलेला आहे. असे 50 ते 100 केस रोज गळणे स्वाभाविक आहे. गाठ नसलेले, आखूड तुकडे जास्त येत असतील तर केस मधे तुटताहेत. मोकळ्या केसांत बँडच्या जागेवर उभे राहणारे आखूड केसांचे कडे दिसले तर बांधण्याची जागा रोज थोडी वरखाली करावी आणि बँड बदलावा.

मुळाचा त्रास जास्त गंभीर. घट्ट पोनीटेलने कपाळावरच्या आणि कानशिलांवरच्या केसांची रेषा मागे सरकते. ग्रीनलंडमधल्या बायकांत हे असे होते याची वैद्यकीय नोंद 1907 सालची आहे आणि आजही त्वचाविकारतज्ज्ञांकडे अशा मुली-बायका येतात. पगडीखाली केसांची घट्ट गाठ बांधणाऱ्या शीख पुरुषांतही हा विकार आढळतो. सुरुवातीला बांधलेल्या जागी दुखते, मुळाशी बारीक पुरळ येते, मग कडेचे केस विरळ होतात आणि पुढे फक्त लवदार झालर उरते. एवढ्यातच घट्ट बांधणे थांबवले तर केस बहुधा परत येतात. वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली तर मुळे वठतात आणि ते केस पुन्हा उगवत नाहीत. म्हणून बांधलेले केस सोडल्यावर टाळूला हायसे वाटत असेल, तर तेवढ्यावरूनच दुसऱ्या दिवसापासून बांधणी सैल करावी, आणि कडेला पुरळ किंवा विरळपणा दिसला तर त्वचाविकारतज्ज्ञांना लगेच दाखवावे.