तत्त्व आणि प्रतीती

एखादे कृत्य अनुचित आहे असे मनाला स्पष्ट वाटते, आणि आपणच मान्य केलेले तत्त्व मात्र त्याला उचित ठरविते. अशा वेळी माघार कोणी घ्यावी? जॉन रॉल्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ ह्या ग्रंथात असे सुचविले की, हा निवाडा आधीच करून ठेवू नये. कधी तत्त्व दुरुस्त करावे, कधी प्रतीती सोडावी, आणि दोहोंचा मेळ बसेपर्यंत मागेपुढे जात राहावे. ह्या मेळाला आपण ‘विमर्शी समतोल’ म्हणू. अनुमानाच्या नियमांसंबंधी हीच कल्पना नेल्सन गुडमन याने १९५५ साली मांडली होती, आणि रॉल्सने तिचे ऋण मान्य केले आहे.

मनाला वाटणारे सारेच येथे जमेस धरावयाचे नाही. रागाच्या वा भीतीच्या भरात, किंवा स्वतःचा लाभ गुंतलेला असताना झालेले निर्णय रॉल्स बाजूस ठेवतो. उरतात ते सुविचारित निर्णय. पण तेही अढळ नव्हेत. हा मुद्दा बहुधा नजरेआड होतो, म्हणून त्याचे एक उदाहरण सविस्तर पाहू.

फिलिपा फुट ह्या ब्रिटिश विदुषीने १९६७ साली एक कल्पित प्रसंग मांडला. ट्राम आवरेनाशी झाली आहे. समोरच्या रुळांवर पाच मजूर आहेत, बाजूच्या फाट्यावर एक. चालकाने ती फाट्यावर वळवावी काय? बहुतेक जण ‘होय’ म्हणतात. पण पाच रुग्ण वाचविण्यासाठी शल्यवैद्याने एका निरोगी माणसास मारून त्याचे अवयव काढावेत काय, असे विचारताच तेच लोक हादरतात. हिशेब तर दोन्हीकडे एकच: पाचांसाठी एक. तेव्हा ‘अधिकांचे प्राण वाचवावेत’ एवढे तत्त्व पुरत नाही. फुटने ते असे सुधारले: न मारण्याचे कर्तव्य हे वाचविण्याच्या कर्तव्याहून बलवत्तर आहे. चालकापुढे पाचांना मारणे की एकाला मारणे, असा पेच आहे. वैद्यापुढे मात्र एकाला मारणे की पाचांना मरू देणे, असा. दोन्ही प्रतीती सुरक्षित राहिल्या आणि मेळ बसला.

जूडिथ जार्व्हिस थॉमसन हिने तो मोडला. १९८५ च्या लेखात तिने चालकाच्या जागी सांध्याजवळ उभा असलेला एक वाटसरू आणला. तो स्वस्थ राहिला, तर पाचांना मारीत नाही, केवळ मरू देतो. सांधा बदलला, तर एकाला मारतो. फुटच्या तत्त्वाप्रमाणे त्याने हात लावता कामा नये. पण सांधा बदलण्यास हरकत नाही, असे थॉमसनला ठामपणे वाटत होते. म्हणून तिने तत्त्वच बदलले: पाचांवर आलेले संकट एकाकडे वळविणे चालेल, मात्र ज्या साधनाने ते वळवावयाचे त्यानेच कोणाच्या हक्काचा गंभीर भंग होता कामा नये. सांधा फिरविण्याने तसा भंग होत नाही. पुलावरील लठ्ठ माणसाला ट्रामपुढे ढकलण्याने होतो.

येथवर प्रत्येक वेळी माघार तत्त्वानेच घेतली. एवढेच घडत राहिले असते, तर ही पद्धती म्हणजे आपल्या आवडीनिवडींस शोभेल असे वस्त्र शिवणे, असा आक्षेप खरा ठरता. तत्त्वाला लावलेले ठिगळ त्या एका प्रसंगापलीकडे काहीच उलगडत नसेल, तर संशय घ्यावा.

पण २००८ साली थॉमसनने स्वतःची प्रतीतीच सोडली. तिने वाटसरूला तिसरा पर्याय दिला: ट्राम स्वतःच्याच अंगावर वळविता येईल. तसे करण्यास तो बांधलेला नाही. एवढा त्याग नीती कोणाकडून मागत नाही. पण जी किंमत स्वतः मोजावयास तो तयार नाही, ती दुसऱ्याकडून कोणत्या अधिकाराने वसूल करणार? आणि तिसरा पर्याय नसला, म्हणून तो अधिकार येतो असेही नाही. तेव्हा वाटसरूने सांधा बदलू नये, असा निष्कर्ष तिने काढला. चालकाची गोष्ट वेगळीच राहिली, कारण तो वळला नाही तर पाचांना मारतो. फुटचे तत्त्व परत आले. मला हे पाऊल सर्वांत मोलाचे वाटते. तेवीस वर्षे सांभाळलेला निर्णय येथे तत्त्वाच्या सोयीसाठी गेला नाही. त्याग कोणावर लादता येतो, ह्या अधिक खोल प्रतीतीपुढे तो टिकला नाही.

पीटर सिंगरसारख्या टीकाकारांचे म्हणणे असे की, ज्या प्रतीतींवर हा डोलारा उभा आहे त्या जुन्या धर्मकल्पनांचे व रूढींचे अवशेष असू शकतील. मग त्यांचा परस्पर मेळ बसला म्हणून त्या खऱ्या कशा ठरतात? रॉल्सच्या पक्षाचे उत्तर असे की, प्रतीती कोठून आली हा प्रश्नही विमर्शात आणावा, आणि तिचा उगम कळल्यावर ती ढासळली तर ढासळू द्यावी. ह्या व्यापक रूपाचा पुरस्कार नॉर्मन डॅनियल्स याने १९७९ साली केला. तरीही एक अडचण उरतेच. थॉमसनचा युक्तिवाद वाचूनही वाटसरूने सांधा बदलावा असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याही विचारांचा मेळ त्यांच्यापुरता बसलेला असतो. सर्वांचे समतोल अखेर एकाच ठिकाणी येतील, अशी हमी रॉल्सनेही दिलेली नाही.