जर्सी निळी, माणूस तोच

चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स जरा जवळ जाऊन पाहिला की डोकं आणि धड कुठे जोडलंय ते लगेच सापडतं. चेहरा दुपारच्या उन्हातला असतो आणि कोट स्टुडिओच्या दिव्याखालचा. मान एक तर गायब असते, नाहीतर दुप्पट लांब. तयार धडावर गिऱ्हाइकाचं डोकं बसवायची ही पद्धत महाराष्ट्रातल्या फ्लेक्सवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरली. धड कोणाचं का असेना, चेहरा मात्र गिऱ्हाइकाचाच राहायचा.

आता मोबाइलवरची एआय साधनं नेमकी उलटी चूक करतात. चाहत्याचा फोटो द्यायचा, ‘भारतीय संघाची जर्सी घालून वानखेडेवर उभा कर’ असं सांगायचं, की जर्सी झकास उतरते, प्रेक्षकही गच्च भरतात. पण मधोमध उभा असतो तो त्या चाहत्याचा व्यायामशाळेत जाणारा, दोन छटा गोरा चुलतभाऊ! पोट आत गेलेलं, जबडा कोरलेला, गालावरचा तीळ पुसलेला.

याचं कारण या साधनांच्या रचनेत आहे. २०२२ साली आलेलं ‘स्टेबल डिफ्युजन’ घ्या. ते मूळ चित्रावर थेट काम करत नाही. आधी चित्र आटवून लहान करतं आणि त्यात ८ गुणिले ८ पिक्सेलचा एकेक चौकोन एका घरात बसवतं. पूर्ण उंचीच्या फोटोत चेहरा जेमतेम ४८ पिक्सेल उंच असेल, तर त्याच्या वाट्याला उभी सहाच घरं येतात. तेवढ्यात डोळ्यांची ठेवण, नाकाचा किंचित वाकडेपणा आणि तीळ मावत नाहीत. मग चित्र पुन्हा मोठं करताना साधन आजवर पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांच्या अंदाजाने रिकाम्या जागा भरतं. चेहरा साधारण तसाच दिसतो, पण घरच्यांना तो खटकतो.

बांध्याचंही तसंच. फोटोतल्या माणसाला संगणकावर कपडे घालून पाहण्याच्या संशोधनात ‘व्हिटॉन-एचडी’ हा २०२१ सालचा संग्रह बराच वापरला जातो. त्यात समोरून टिपलेल्या स्त्रिया आणि त्यांचे वरचे कपडे अशा १३,६७९ जोड्या आहेत. असल्या कॅटलॉगी फोटोंवर शिकलेल्या यंत्राला कापड सडपातळ अंगावर कसं पडतं ते चांगलं ठाऊक असतं. सुटलेल्या पोटावर जर्सी कशी ताणते याचे नमुने त्याने फारसे पाहिलेलेच नसतात.

म्हणून या कामातला जाणकार चेहरा ‘राखायला’ सांगत बसत नाही. तो चेहऱ्याला हातच लावू देत नाही.

समजा, चाळिशीतला, अंगाने भरलेला एक चाहता आहे आणि त्याला २०२३ च्या विश्वचषकातली निळी जर्सी घालून वानखेडेवर उभं राहायचंय. पहिला निर्णय फोटोचा. सेल्फी इथे चालत नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या रटगर्स आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे सेल्फीतला चेहरा मुळातच बिघडलेला असतो. दुसऱ्या कोणीतरी सहा-सात फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने, चाहत्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढावा. अंगात अर्ध्या बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा शर्ट असावा. पूर्ण बाह्यांचा असला तर झाकलेले हात यंत्राला मनाने काढावे लागतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला नको, मूळ फाइलच हवी.

दुसरं काम मास्कचं, म्हणजे यंत्राने कुठे रंगवायचं त्याची हद्द आखण्याचं. ती कॉलरपासून कमरेपर्यंत आणि बाह्यांच्या टोकापर्यंत असते. मान, चेहरा आणि कोपराखालचे हात बाहेर राहतात. पोटाजवळ ही रेघ शर्टाच्या कडेच्या दोन बोटं बाहेर न्यावी, कारण जर्सी शर्टापेक्षा सैल पडते. रेघ आत घेतली की पोट कापलं गेलंच. बदलाचं प्रमाण ठरवणारा आकडा अनेक साधनांत ० ते १ असा असतो. तो १ वर नेला तर खालचा शर्ट पूर्ण विसरला जातो. साधारण ०.६ च्या आसपास मूळ चुण्या आणि सावल्या टिकतात, आणि पोटाचा गोलवा त्या सावल्यांतच असतो. शर्ट चौकड्याचा असेल तर या आकड्याला चौकडे निळ्याखालून डोकावतात, म्हणून एकरंगी शर्ट बरा.

छातीवरचं बोधचिन्ह आणि अक्षरं यंत्रावर सोपवू नयेत. २०२३ च्या त्या जर्सीवर बोधचिन्हाच्या वर दोन तारे होते, १९८३ आणि २०११ च्या विजयांचे. यंत्र तीन काढतं, कधी चार, आणि ‘इंडिया’ची अक्षरं वितळतात. खऱ्या जर्सीचा सपाट फोटो घेऊन ते भाग फोटोशॉपमध्ये हाताने बसवावेत आणि छातीच्या उतारानुसार ‘वार्प’ने वाकवावेत. बोधचिन्ह जर्सी घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे येतं. फोटो आरशासारखा उलटा जतन झालेला असेल तर इथेच फसगत होते.

मग येतो सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. मास्कच्या बाहेरचा भागही आटवून पुन्हा फुगवण्याच्या फेऱ्यातून जातो, त्यामुळे चेहरा किंचित बदललेलाच असतो. त्यावर मूळ फोटोतला चेहरा आणि मान वेगळ्या लेअरवर परत ठेवायची. खात्री करायला मूळ फोटो सर्वांत वर ठेवून ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करावा. जिथे दोन्ही चित्रं तंतोतंत सारखी, तिथे काळंभोर दिसतं. चेहऱ्यावर राखाडी रेघा उमटल्या तर कुठेतरी हात लागलाय. बांध्याची परीक्षा मोजपट्टीची आहे. मूळ फोटोत चेहरा ३०० पिक्सेल रुंद आणि खांदे ८४० असतील तर गुणोत्तर २.८. जर्सीतल्या फोटोत ते २.४ आलं तर गडी बारीक झाला! कमरेचंही असंच मोजावं, फक्त कापडाच्या सैलपणापुरती थोडी वाढ धरावी.

स्टेडियमशी जुळवताना उंची आणि उजेड या दोनच गोष्टी बघायच्या. समोरच्या स्टँडमधल्या रांगा नीट पाहिल्या तर वरच्या रांगा एका बाजूला कलतात आणि खालच्या उलट बाजूला. मधली एखादी अगदी आडवी दिसते. कॅमेरा त्या उंचीवर होता. चाहत्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेला असेल, तर त्याचे डोळे त्याच रेषेवर बसवावेत. नाहीतर तो राक्षस तरी वाटतो किंवा खड्ड्यात उभा असल्यासारखा.

रात्रीच्या सामन्यात उजेड उंचावरून आणि अनेक बाजूंनी येतो. म्हणून तर मैदानावरच्या खेळाडूला एकाच वेळी चार सावल्या दिसतात. घरातल्या पिवळ्या बल्बखालचा, एका गालावर गडद सावली असलेला चेहरा तिथे बसत नाही. पिवळेपणा रंगाच्या वेगळ्या लेअरने कमी करता येतो, सावली मात्र काढता येत नाही. त्यामुळे मूळ फोटो ढगाळ दिवशी मोकळ्यावर काढलेला उत्तम. रंग जुळवताना पिवळा-निळा तोल बदलावा, उजळपणाला हात लावू नये, नाहीतर सावळा माणूस गोरा होऊन बसतो. डिफरन्सची परीक्षा घेताना हा लेअर बंद ठेवावा.

इतकं करूनही एका ठिकाणी हार मानावी लागते. चाहता बाजूला वळून उभा असेल किंवा हाताची घडी घातलेली असेल, तर जर्सीच्या झाकलेल्या भागांचा अंदाज चुकतो आणि बोटं कापडात शिरतात. अशा वेळी तासभर दुरुस्ती करण्यापेक्षा समोर तोंड करून, हात मोकळे सोडून नवा फोटो काढणं पाच मिनिटांचं काम असतं.